शोरील: जोड दिसला पाहिजे

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या १९६२ सालच्या चित्रपटात नायक बोटांत जळती काडी धरून उभा असतो. तो फुंकर मारतो आणि त्याच क्षणी पडद्यावर वाळवंटाचं तांबूस क्षितिज पसरतं. मग हळूहळू सूर्य वर येतो. मुळात इथे एक दृश्य विरत जाऊन दुसरं उमटावं, असं ठरलेलं होतं. संकलन चालू असताना मात्र कच्च्या प्रतीत हे दोन शॉट नुसतेच एकापुढे एक चिकटवलेले होते. ते तसे पाहिल्यावर दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि संकलक ॲन कोट्स यांना तो सरळ कटच आवडला. लीन यांनी तो आणखी नेमका करायला सांगितला आणि आपण त्यातून दोन फ्रेम काढल्या, असं कोट्स पुढे मुलाखतींत सांगत असत. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग.

आता या प्रसंगातला फक्त सूर्योदय उचलला, तर तो कुणाचा? छायालेखक फ्रेडी यंग यांचा. फुंकर आणि सूर्योदय एकत्र घेतले, तरच त्यात ॲन कोट्स दिसतात. त्या वर्षीचं ऑस्कर दोघांनाही मिळालं, छायालेखनाचं यंग यांना आणि संकलनाचं कोट्स यांना. दोघांचं काम त्याच काही सेकंदांत आहे, पण ते वेगवेगळ्या ठिकाणी आहे. एकाचं शॉटमध्ये, दुसरीचं दोन शॉटांच्या जोडावर.

काम शोधणाऱ्या फ्रीलान्स एडिटरने शोरील बांधायला घेताना हा फरक समोर ठेवायला हवा. शोरील म्हणजे आजवरच्या कामातले निवडक तुकडे एकत्र करून नव्या क्लायंटला दाखवायची छोटी फिल्म. एकेकाळी ती यू-मॅटिक किंवा व्हीएचएस कॅसेटवर असायची आणि ती घेऊन ऑफिसांचे उंबरठे झिजवावे लागायचे. आता एक लिंक पाठवली की झालं. लिंक पाठवणं सोपं झालं, तरी रील बांधताना होणारी मुख्य चूक मात्र जुनीच राहिली आहे. बहुतेक एडिटर आपल्या शोरीलमध्ये दुसऱ्यांचे शॉट दाखवतात.

अशी रील कुणीही डोळ्यांसमोर आणू शकेल. मागे दणदणीत गाणं, प्रत्येक ठेक्यावर एक कट. ड्रोनमधून किल्ला, स्लो मोशनमध्ये उडणाऱ्या अक्षता, चकाकणारी गाडी, समुद्रावरची संध्याकाळ. एकही शॉट दीड सेकंदाहून जास्त टिकत नाही. पाहणाऱ्या निर्मात्याला यातून एवढंच कळतं की कॅमेरा चांगला होता आणि एडिटरला ठेका कळतो. हा माणूस चाळीस मिनिटांच्या रटाळ मुलाखतीतून गोष्ट काढू शकेल का, दोघांच्या संभाषणात कुणाच्या चेहऱ्यावर थांबायचं हे त्याला समजतं का, याचा पत्ता लागत नाही. आणि पैसे मोजणाऱ्याला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

हे कसं टाळायचं, ते एका कल्पित पण ओळखीच्या उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यातली एक एडिटर आहे. पाच वर्षांत तिने चाळीसेक लग्नाच्या फिल्म, दोन मराठी लघुपट, एका सराफाच्या चार जाहिराती, काही यूट्यूब मुलाखती आणि एका सामाजिक संस्थेसाठी १४ मिनिटांचा माहितीपट एवढं काम केलं आहे. माहितीपट एका गावातल्या विहिरीबद्दलचा आहे. लग्नाच्या कामातून बाहेर पडून तिला संस्थांचे आणि कंपन्यांचे माहितीपट मिळवायचे आहेत. तिची जुनी रील ३ मिनिटं ४० सेकंदांची आहे आणि त्यातले जवळपास अडीच मिनिटं लग्नंच आहेत.

पहिलं काम टाइमलाइन उघडण्याचं नाही, एका कागदावर एक ओळ लिहिण्याचं आहे: ही रील कोण पाहणार? तिच्या बाबतीत उत्तर आहे, संस्थेतला संपर्क अधिकारी किंवा छोट्या निर्मितीसंस्थेतला निर्माता. त्याच्याकडे तासन्‌तास चाललेल्या मुलाखती, हलणारा कॅमेरा आणि कमी वेळ असतो. एवढं ठरलं की चाळीस लग्नांपैकी एकोणचाळीस आपोआप बाजूला होतात. लग्नाचं कामही पुढे चालू ठेवायचं असेल, तर त्याची वेगळी रील करावी. दोन्ही प्रकारचे क्लायंट एकाच रीलने खूश करायला गेलं, तर दोघांनाही अर्धी रील परक्याची वाटते.

मग क्लिप निवडायच्या. इथे वॉल्टर मर्च यांची मदत होते. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ आणि ‘द इंग्लिश पेशंट’चे हे संकलक ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या आपल्या पुस्तकात चांगल्या कटचे सहा निकष देतात आणि त्यांना टक्केही लावतात. भावनेला ५१, गोष्ट पुढे नेण्याला २३ आणि लयीला १०. उरलेल्या १६ टक्क्यांत प्रेक्षकाची नजर कुठे आहे इथपासून जागेचं सातत्य राखण्यापर्यंतच्या तीन बाबी येतात. आकडे काटेकोर मोजमापासाठी नाहीत, ते अग्रक्रम दाखवतात. ठेक्यावर कापलेली रील फार तर लयीचे दहा टक्के दाखवते. म्हणून आपल्या एडिटरने प्रत्येक कामातून सुंदर शॉट शोधू नये. जिथे आपल्या कटमुळे अर्थ किंवा भावना बदलली, त्या जागा शोधाव्यात. एक साधी कसोटी आहे. या तुकड्यातले कट दुसऱ्या कुणी दुसरीकडे मारले असते, तर काही बिघडलं असतं का? नसतं, तर तुकडा कितीही देखणा असला तरी तो बाहेर.

या कसोटीवर विहिरीच्या माहितीपटातली एक जागा उतरते. गावातली म्हातारी सांगते आहे की पूर्वी पाण्यासाठी दोन टेकड्या ओलांडाव्या लागायच्या. बोलता बोलता ती थांबते. एडिटरने तो थांबा ठेवला आहे. त्या शांततेत आधी बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज येतो, मग चित्र विहिरीकडे जातं. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राआधी आणायच्या या पद्धतीला धंद्यात ‘जे कट’ म्हणतात, कारण टाइमलाइनवर त्या तुकड्याचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो. लघुपटातून एक संभाषण उरतं. मुलगा घर सोडून जाण्याबद्दल बोलतो आहे आणि कॅमेरा बहुतेक वेळ आईवर आहे. बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे पाहत राहायचं, हा निर्णय एडिटरचा होता. सराफाच्या जाहिरातींतून एक निवडली जाते, कारण २० सेकंदांत तीन पिढ्यांची गोष्ट त्यात उलगडते. लग्नांपैकी एकच उरतं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना धाकटी बहीण एकदम हसते आणि तिच्या हसण्यावरून कट थेट वडिलांवर येतो.

चाळीसच्या वर कामांतून चार तुकडे. हा आकडा पाहून अनेकांना धास्ती वाटते, एवढंच दाखवलं तर अनुभव कमी वाटेल अशी. अनुभवाची यादी लिहून देता येते, रीलवर ती पळवायची गरज नाही. पाहणारा रीलचा अंदाज तिच्यातल्या सर्वांत कच्च्या तुकड्यावरून बांधतो, कारण त्याच्या वाट्याला तसंच काम येऊ शकतं. पाचवा तुकडा बरा आहे पण चौथ्याइतका नाही, असं वाटत असेल, तर चारच ठेवावेत.

जोड दाखवायचा तर त्याच्या आधी आणि नंतर श्वास घ्यायला जागा लागते. म्हातारीचा थांबा कळायला ती थांबण्याआधी काय सांगत होती, ते ऐकू यायला हवं. म्हणून एडिटरच्या रीलमधले तुकडे छायालेखकाच्या रीलपेक्षा लांब असतात, साधारण १२ ते ३० सेकंदांचे. एकूण लांबीचा कुठे कायदा नाही. सरावाने साधारण एक ते दीड मिनिट रूढ झालं आहे आणि दोन मिनिटांपुढे जायला सबळ कारण हवं. आपल्या एडिटरचा हिशेब असा बसतो: विहीर २६ सेकंद, आई-मुलगा २२, जाहीरात कापून १२, पाठवणी १५ आणि शेवटी नाव व संपर्काची पाटी ५ सेकंद. एकूण ८० सेकंद. सुरुवातीला फिरत्या अक्षरांत नाव येणारी पाटी नाही. नाव पहिल्या दृश्यावरच कोपऱ्यात तीन सेकंद येऊन जातं.

क्रमाबद्दल सवय आड येते. गोष्ट सांगणाऱ्याला सर्वांत चांगली गोष्ट शेवटासाठी राखायची सवय असते. शोरीलमध्ये शेवटपर्यंत कुणी थांबेलच याची खात्री नसते. पाहणारा कामाच्या गडबडीत, फोनवर, दहा लिंकांपैकी एक म्हणून ती उघडतो. म्हणून सर्वांत चांगला आणि हव्या त्या कामाशी सर्वांत जवळचा तुकडा पहिला. आपल्या एडिटरसाठी तो विहिरीचा. उद्या तिला कथात्मक वेबसिरीजसाठी अर्ज करायचा असेल, तर आई-मुलगा पुढे येतील आणि विहीर दुसऱ्या क्रमांकावर जाईल. तुकडे तेच, क्रम वेगळा. अशा दोन प्रती तयार ठेवणं अर्ध्या तासाचं काम आहे. दुसरा चांगला तुकडा शेवटी ठेवावा, कारण जे थांबतात त्यांच्या लक्षात शेवट राहतो. मधली जागा बदलासाठी. दोन संथ दृश्यांच्या मध्ये १२ सेकंदांची चपळ जाहिरात आली की एडिटरला दोन्ही चाली येतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोन तुकड्यांमधला सांधाही रीलचाच भाग आहे आणि तो पाहणारा माणूस एडिटरच शोधतो आहे. आई दाराकडे पाहते, तिथून कट जाहिरातीतल्या उघडणाऱ्या डबीवर, असं काही नैसर्गिकपणे जुळत असेल तर घ्यावं. जुळत नसेल, तर पाव सेकंद काळा पडदा आणि शांतता पुरते. चमकून फिरणारे तयार ट्रान्झिशन टाकले की लक्ष जोडावरून उडून इफेक्टवर जातं.

आता आवाज. जुन्या रीलवर चढवलेलं लोकप्रिय गाणं काढायची दोन कारणं आहेत. एक म्हणजे हक्काचं. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. गाण्याचा हक्कधारक मग त्यावरची जाहिरात स्वतःकडे घेऊ शकतो किंवा व्हिडिओ काही देशांत बंदही करू शकतो. परदेशी क्लायंटला पाठवलेली लिंक उघडलीच नाही, याचं कारण बरेचदा हेच असतं. दुसरं कारण कलेचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. सलग गाणं सगळ्या दृश्यांना एकच भावना चढवतं. मग म्हातारीची शांतता उरत नाही, बादलीचा आवाज उरत नाही आणि ‘जे कट’ कुणाला ऐकूच येत नाही. प्रत्येक तुकड्याचा मूळ आवाज ठेवला, तर एडिटरचं निम्मं कसब आपोआप समोर येतं.

मूळ आवाज ठेवले की पातळीचा प्रश्न येतो. जाहिरातीचा आवाज मोठा आणि भरीव असतो, माहितीपटाचा हळू. यूट्यूब वाजवताना साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठा आवाज खाली आणतो, पण तो संपूर्ण व्हिडिओचा मिळून विचार करतो, आतल्या तुकड्यांमधली तफावत मिटवत नाही. म्हणून म्हातारी ऐकायला आवाज वाढवलेल्या माणसाच्या कानावर जाहिरात आदळते. प्रत्येक तुकड्याची बोलण्याची पातळी टाइमलाइनवरच सारखी करून घ्यावी आणि मग फोनच्या स्पीकरवर ऐकून पाहावं. हेडफोनवर सगळं नीटच वाटतं.

चित्रात असाच एक फसवा दोष असतो. वेगवेगळ्या कामांचा फ्रेमदर वेगळा असतो. लघुपट २४, माहितीपट २५, मोबाइलवर घेतलेली मुलाखत ३०. सगळं २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की ३० वाल्या तुकड्यातल्या सेकंदाला पाच फ्रेम गळतात आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक झटके देतं. हे झटके पाहणारा शब्दांत सांगू शकत नाही, पण काहीतरी कच्चं आहे असं त्याला जाणवतं. ज्या फ्रेमदरचे तुकडे जास्त असतील, तो टाइमलाइनला ठेवावा. परका तुकडा हलत्या कॅमेऱ्याच्या जागी न घेता स्थिर शॉटांच्या जागी घ्यावा. इन्स्टाग्रामवरून पुन्हा उतरवलेला व्हिडिओ तर वापरूच नये. एकदा दाबून छोटी झालेली फाइल पुन्हा दाबली की चेहऱ्यावर चौकटी दिसू लागतात. यावर खरा उपाय आधीच करायचा असतो. काम सोपवतानाच अक्षरं न टाकलेली एक स्वच्छ प्रत आणि संवाद, संगीत वेगळं ठेवलेले ट्रॅक स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवावेत.

मात्र ते जपून ठेवण्याची आणि दाखवण्याची परवानगी हवी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो आणि कुणी मोबदला देऊन फिल्म बनवून घेतली असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क बनवून घेणाऱ्याचा असतो. कट मारणाऱ्या एडिटरला केवळ कट मारले म्हणून ते दाखवायचा हक्क मिळत नाही. म्हणून काम घेतानाच करारात किंवा निदान ईमेलमध्ये एक ओळ असावी: ‘फिल्म प्रसिद्ध झाल्यावर तिचा ३० सेकंदांपर्यंतचा भाग एडिटर स्वतःच्या शोरीलमध्ये वापरू शकेल.’ बहुतेक क्लायंट हो म्हणतात. काम संपल्यावर दोन वर्षांनी विचारलं, तर उत्तर द्यायला तिथला माणूसच बदललेला असतो. पाठवणीच्या तुकड्यासाठी कुटुंबाला वेगळं विचारलंच पाहिजे, कारण तो त्यांचा खासगी क्षण आहे. संस्थेच्या फुटेजमध्ये मुलांचे चेहरे असतील, तर ते टाळणं उत्तम. अप्रकाशित कामातला एकही शॉट वापरू नये. गुप्तता मोडणारा एडिटर आपल्या कामाचंही असंच करेल, असं नवा क्लायंट लगेच ताडतो.

प्रत्येक तुकड्यावर खाली डाव्या कोपऱ्यात छोट्या अक्षरांत कामाचं नाव, वर्ष आणि आपली भूमिका लिहावी. रंगसंस्कार दुसऱ्याने केला असेल, तर फक्त ‘संकलन’ लिहावं. त्यात प्रामाणिकपणा आहेच, शिवाय पाहणाऱ्याची नजर योग्य जागी जाते. विहिरीच्या तुकड्यावर आपली एडिटर आणखी एक ओळ टाकते: ‘मूळ मुलाखत ४७ मिनिटं.’ एवढ्या एका आकड्याने २६ सेकंदांचं वजन बदलतं. काय गाळलं ते चित्रात दिसू शकत नाही, म्हणून ते शब्दांत सांगावं लागतं. क्लायंट मराठी नसेल, तर म्हातारीच्या बोलण्याला सबटायटल हवीतच. त्यातही ओळ थांब्याआधी संपली पाहिजे. ती पुढे रेंगाळली, तर पाहणारा वाचत राहतो आणि थांबा हुकतो.

रील तयार झाली की तिची परीक्षा घ्यायची. आधी आवाज बंद करून पाहायची, मग डोळे मिटून फक्त ऐकायची. एकट्या चित्रात किंवा एकट्या आवाजात जिथे पकड सुटते, तिथे दुरुस्ती लागते. त्यानंतर या धंद्यात नसलेल्या दोन-तीन माणसांना फोनवर पाहायला द्यावी आणि त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवावं. अंगठा पुढे सरकवायला कुठल्या सेकंदाला उठला, ते टिपून घ्यावं. यूट्यूबवर प्रेक्षक कुठे गळतात त्याचा आलेख मिळतो, पण पंधरा-वीस जणांनी पाहिलेल्या खासगी लिंकवर तो फारसं काही सांगत नाही. शेजारी बसून पाहिलेली तीन माणसं जास्त सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारावं, काय आठवतं? आपल्या एडिटरच्या रीलमधली बहिणीचं हसणं आणि बादलीचा आवाज त्यांना आठवले, पण जाहिरात कुणालाच आठवली नाही असं समजू. तेव्हा जाहिरात बदलून पाहायची. सेकंदांची बेरीज बिघडली, तरी चालेल.

शेवटची गोष्ट पाठवण्याची. रील व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते, चित्र मऊ होतं. लिंकच पाठवावी. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवता येते, पण तिथे त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. रील सुधारली की लिंकही बदलते. व्हिमिओच्या सशुल्क खात्यात लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते. सहा महिन्यांपूर्वी पाठवलेला ईमेल कुणी आज उघडला, तरी त्याला ताजी रील दिसते.

लिंकसोबतचा मजकूर आपली एडिटर चार ओळींत संपवते. रील १ मिनिट २० सेकंदांची आहे. पहिला तुकडा विहिरीच्या माहितीपटातला असून ४७ मिनिटांच्या मुलाखतीतून आला आहे. पूर्ण १४ मिनिटांचा माहितीपट आणि आई-मुलाचा पूर्ण प्रसंग यांच्या लिंक खाली दिल्या आहेत. शेवटच्या ओळीत फोन नंबर आणि कोणत्या तारखेपासून ती मोकळी आहे, ते.